६४, ६६, ६८, ७१... घड्याळातला आकडा का चढतोय?

स्मार्टवॉच घेतल्यावर सुरुवातीला सगळं लक्ष पावलांवर असतं. आज दहा हजार झाली का, काल किती होती, ऑफिसमधल्या सहकाऱ्याची किती झाली. त्याच अ‍ॅपमध्ये जरा खाली गेलं की एक साधासुधा आकडा दिसतो, रेस्टिंग हार्ट रेट. म्हणजे तुम्ही निवांत असताना हृदयाचे मिनिटाला पडणारे ठोके. तो रोज जवळपास तेवढाच असतो, त्यामुळे त्याकडे कुणी फारसं बघत नाही. बघण्यासारखा तो होतो एखाद्या आठवड्यात. सोमवारी ६४, मंगळवारी ६६, मग ६८, मग ७१. तुम्ही जिना चढलेला नाही, धावलेला नाही, तरी आकडा चढतोय.

हा आकडा उगाच चढत नाही. मात्र कशामुळे चढतोय हे घड्याळ सांगत नाही, ते आपलं आपल्याला शोधावं लागतं. त्या शोधात उपयोगी पडतील अशा या काही गोष्टी.

शेजाऱ्याचा आकडा शेजाऱ्यापाशी

डॉक्टरांच्या पुस्तकात प्रौढ माणसाचे निवांत ठोके ६० ते १०० असले तर ते ठीक मानतात. ही पट्टी फारच रुंद आहे. २०२० साली अमेरिकेत ९२,४५७ लोकांच्या मनगटी पट्ट्यांची नोंद तपासली गेली. सगळ्यांची सरासरी साधारण ६५ निघाली, पण एकाचा रोजचा आकडा ४० तर दुसऱ्याचा १०९, इतकी तफावत होती. वय, वजन, झोप, स्त्री की पुरुष, हे सगळं हिशेबात घेऊनही या तफावतीचा थोडाच भाग उलगडला.

याउलट एकाच माणसाचा आकडा आठवडाभरात जेमतेम दोन-तीन ठोक्यांनी हलत होता. मजा इथेच आहे. माणसामाणसात जमीन-अस्मानाचा फरक आणि एका माणसात मात्र कमालीचा स्थिरपणा. म्हणून नवऱ्याचे ५८ आणि बायकोचे ७२ असतील तर त्यावरून कोण जास्त तंदुरुस्त, हा वाद घालण्यात अर्थ नाही. पण ज्यांचे नेहमी ५८ असतात त्यांचे चार दिवस ६६ येत असतील, तर पुस्तकाप्रमाणे ते अगदी नॉर्मल असूनही त्यांच्या स्वतःच्या हिशेबात ती बातमी आहे.

त्याच पाहणीत दर पाचातल्या एकाच्या वाट्याला असा निदान एक आठवडा आला होता, ज्यात आकडा दहा किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वर-खाली झाला. म्हणजे असा आठवडा तुमच्या घड्याळात दिसला तर तो काही जगावेगळा नाही.

हृदयाला धावायचंच असतं

हे वाचून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटेल. हृदयाला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला सत्तर वेळा धडधडत नाही, साधारण शंभर वेळा धडधडतं. ज्यांच्यावर हृदयप्रत्यारोपण झालेलं असतं त्यांचे निवांत बसलेले असतानाचे ठोके बहुधा ९० ते ११० असतात, कारण शस्त्रक्रियेत हृदयाकडे येणारे मज्जातंतू तुटतात आणि हृदय आपल्या मूळ चालीने चालू लागतं.

ही मूळ चाल ठरवणारा पेशींचा पुंजका हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात असतो. तो सापडला इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका खेड्यात. १९०६ च्या उन्हाळ्यात शरीररचनेचे अभ्यासक आर्थर कीथ पत्नीबरोबर सायकलवरून फेरफटका मारून घरी परतले, तर त्यांचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक उत्साहाने वाटच बघत होता. चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या आणि जमिनीत बिळं करून राहणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याच्या हृदयात त्याला सूक्ष्मदर्शकाखाली एक विचित्र रचना दिसली होती. पुढच्या वर्षी दोघांनी ती जाहीर केली. आज आपण तिला सायनस नोड म्हणतो.

मग शंभरचे पासष्ट होतात कसे? मेंदूतून निघणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू त्या नोडवर दिवसरात्र ब्रेक दाबून धरतो. हा ब्रेक रासायनिक असतो हे ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे ओट्टो लोवी यांनी १९२१ मध्ये दाखवलं, तेही स्वप्नात सुचलेल्या प्रयोगातून. पहिल्या रात्री अर्धवट झोपेत त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं, सकाळी स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या एका हृदयाचा व्हेगस उत्तेजित केला, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंदावलं. या कामाला १९३६ साली नोबेल मिळालं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की रेस्टिंग हार्ट रेट म्हणजे मुख्यतः हा ब्रेक किती दाबलेला आहे याचं माप आहे. नियमित चालणाऱ्या-पळणाऱ्यांचा तो जोरात दाबलेला असतो, शिवाय त्यांचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं. आजारपण, जागरण, दारू, उकाडा, मनस्ताप, यातलं काहीही आलं की ब्रेक सैल होतो आणि सोबत अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची रसायनं जोर लावतात. कारणं वेगवेगळी, पण ती सगळी याच एका जागी येऊन मिळतात. आकडा बघून कारण ओळखता येत नाही ते यामुळेच.

हिरवा दिवा काय बघतो

घड्याळ काढून उलटं केलं की हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्त लाल असतं आणि हिरवा प्रकाश चांगला शोषतं. ठोका पडला की मनगटात रक्ताची लाट येते आणि कमी प्रकाश परत फिरतो, दोन ठोक्यांच्या मध्ये जास्त परत येतो. हा चढउतार मोजला की ठोके मिळाले.

पट्टा सैल असेल, घड्याळ मनगटाच्या हाडावर आलं असेल, त्वचेवर गडद टॅटू असेल किंवा हात गार पडले असतील, तर मोजणी चुकते. म्हणून आकडा वाढलेला दिसला की पहिली पायरी अगदी बिनखर्चाची. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच पडून राहा, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते.

आणखी एक. कुठली कंपनी झोपेतले ठोके धरते, कुठली जागेपणी शांत बसलेले असतानाचे धरते, तर कुठली दिवसातल्या सर्वांत खालच्या अर्ध्या तासाची सरासरी काढते. त्यामुळे घड्याळाचा ब्रँड बदलला की आकडा पाच-सातने बदलू शकतो. नवं घड्याळ घेतलं असेल तर निदान दोन-तीन आठवडे जुन्याशी तुलना करू नका.

तापाआधीच कळतं, बरेचदा

जर्मन वैद्य कार्ल फॉन लिबरमाइस्टर यांच्या नावाने एक जुना नियम ओळखला जातो: ताप एक अंश सेल्सियसने वाढला की नाडी मिनिटाला सुमारे आठने वाढते. काही ठिकाणी दहाही धरतात. आपल्या फॅरनहाइटच्या हिशेबात, १०१ चा ताप असेल तर दहा-बारा ठोके जास्त पडणार. इतकं तर आजीलाही माहीत असतं, हात धरून ती सांगते, ‘नाडी उडतेय.’

घड्याळाची करामत त्याच्या अलीकडची आहे. जंतूंची चाहूल लागताच रोगप्रतिकारक पेशी रासायनिक निरोप सोडतात. ते मेंदूपर्यंत पोचतात आणि ब्रेक सैल व्हायला लागतो. घसा धरायच्या आणि अंग मोडून यायच्या आधीचा हा टप्पा असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जनुकतज्ज्ञ मायकेल स्नायडर यांना हे स्वतःवरच अनुभवायला मिळालं. विमानाने नॉर्वेला जाताना अंगावरच्या उपकरणांनी दाखवलं, की ठोके नेहमीपेक्षा जास्त आहेत आणि रक्तातला ऑक्सिजन नेहमीसारखा पूर्वपदावर येत नाही. त्याआधी ते ग्रामीण मॅसॅच्युसेट्समध्ये होते, तिथे गोचिडीतून पसरणारा लाइम रोग आढळतो. त्यांनी तिकडेच डॉक्टर गाठून प्रतिजैविक घेतलं. पुढे तपासणीत लाइमच निघाला. २०१७ साली ही हकिगत शोधनिबंधात आली.

कोविडच्या काळात त्यांच्याच गटाने घड्याळ वापरणाऱ्या ३२ बाधितांची नोंद तपासली. त्यातल्या २६ जणांच्या ठोक्यांत, पावलांत किंवा झोपेत फरक दिसला आणि बहुतेकांचा हा फरक लक्षणं सुरू होण्याआधी किंवा त्याच सुमारास दिसायला लागला होता. त्याच पाहणीचा दुसरा अर्थही घ्यायला हवा. ३२ पैकी सहा जणांच्या घड्याळाला काहीच कळलं नाही. ‘माझा आकडा ठीक आहे, म्हणजे मी आजारी नाही,’ असा दाखला घड्याळ देत नाही.

आणि आजार गेला म्हणून आकडा लगेच उतरतोच असंही नाही. कोविड झालेल्यांचे निवांत ठोके पूर्वीच्या पातळीवर यायला सरासरी ७९ दिवस लागले, असं २०२१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. साध्या व्हायरलनंतर इतका वेळ लागत नाही, तरी ताप उतरल्यावर आठवडाभर आकडा चार-पाचने वर राहणं नेहमीचंच आहे.

टायफॉइडचा उलटा कायदा

हा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा, म्हणून त्याला वेगळी जागा. टायफॉइडमध्ये ताप १०३ पर्यंत जातो, पण नाडी त्या मानाने वाढत नाही. जुने डॉक्टर या खुणेवरून टायफॉइडचा संशय घ्यायचे. डेंग्यूच्याही काही रुग्णांत असंच होतं. म्हणजे अंग भाजतंय आणि घड्याळ शांत आहे, तर घड्याळावर विसंबू नका, थर्मामीटरवर विश्वास ठेवा आणि रक्ततपासणी करा.

डेंग्यूत तर आणखी एक सापळा असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरच्यांना हायसं वाटतं. पण गुंतागुंत व्हायची असली तर ती याच वेळी होते. ताप उतरला आणि ठोके मात्र वाढले, हातपाय गार पडले, पोटात दुखू लागलं, उलट्या थांबेनात किंवा लघवी कमी झाली, तर रात्र असो की दिवस, लगेच दवाखाना गाठायचा.

फक्त अर्धा तास उशीर

झोप कमी झाली की ठोके वाढतात, यात नवल नाही. नवल हे, की झोप पुरेशी होऊनही आकडा चढू शकतो. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात ५५७ विद्यार्थ्यांच्या मनगटी पट्ट्यांची नोंद घेतली गेली. नेहमीच्या वेळेपेक्षा अर्धा तास किंवा त्याहून उशिरा झोपलं की त्या रात्रीचे ठोके वर राहत आणि दुसऱ्या दिवशीही काही तास तसेच राहत. शरीराच्या आतलं घड्याळ ठरल्या वेळी ब्रेक दाबायच्या तयारीला लागतं, आणि आपण तेव्हा मालिकेचा पुढचा भाग लावलेला असतो.

अ‍ॅपमध्ये रात्रीचा आलेख उघडून बघा, ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. चांगल्या रात्री रेषा झोप लागल्यावर खाली येते आणि मध्यरात्रीनंतर लवकरच तळाला टेकते. रात्री अकराला भरपेट मटण-भाकरी झाली असेल, तर पहिले दोन-तीन तास रेषा खाली यायलाच तयार नसते, कारण पचनासाठी जास्त रक्त लागतं आणि अंगही जरा गरम राहतं. अशा वेळी तळ पहाटे चार-पाचला येतो आणि सगळ्या रात्रीची सरासरी वर राहते.

दारूचंही तसंच, फक्त जास्त ठळक. फिनलंडमध्ये चार हजारांहून अधिक नोकरदारांची झोप मोजली गेली, तेव्हा अगदी थोड्या दारूनेही झोपेच्या पहिल्या काही तासांतला शरीराचा विसावा घटलेला दिसला. तरुण किंवा व्यायाम करणारे यातून सुटले नाहीत. ‘एक पेग घेतला की छान झोप लागते,’ असं म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी हा आलेख जरूर बघावा. झोप लागते हे खरं, पण हृदय त्या रात्री कामावरच असतं.

चहा आरोपी आहे, पण वेगळ्या कलमाखाली

आकडा चढला की घरात पहिला आरोप चहावर येतो. ‘दिवसाला सहा कप ढोसतोस, मग होणारच!’ प्रत्यक्षात रोज चहा-कॉफी पिणाऱ्याच्या ठोक्यांवर कॅफिनचा थेट परिणाम फारच किरकोळ असतो. शरीर सरावलेलं असतं. ज्याला सवय नाही त्याची धडधड वाढू शकते, आणि एकदम जास्त घेतलं तर कुणाचीही वाढेल.

चहाचा खरा गुन्हा झोपेच्या खात्यात नोंदवायचा. दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि त्याने झोप येते. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. २०२३ साली अमेरिकेत शंभर जणांवर प्रयोग झाला, काही दिवस कॉफी प्यायची, काही दिवस नाही, कधी काय हे चिठ्ठीने ठरणार. कॉफीच्या दिवशी लोक सुमारे हजार पावलं जास्त चालले आणि त्या रात्री ३६ मिनिटं कमी झोपले.

कॅफिन अंगातून निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. हिशेब करा. संध्याकाळी सहाला कडक फिल्टर कॉफी, त्यात धरू शंभर मिलिग्रॅम. रात्री अकराला त्यातलं पन्नास मिलिग्रॅम अजून अंगात आहे, म्हणजे झोपायला जाताना मोठा कपभर चहा प्यायल्यासारखंच. पहाटे चारलाही पंचवीस उरलेलं असतं. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हा वेळ आणखी लांबतो. सिगारेट ओढणाऱ्यांत कॅफिन लवकर निचरतं. याची एक मजेशीर बाजू अशी: सिगारेट सोडली आणि चहा तेवढाच ठेवला, तर अंगातलं कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकतं. सिगारेट सोडल्यावरची बेचैनी आणि उडालेली झोप यात त्या चहाचाही हात असतो. सिगारेट सोडा हे तर आहेच, पण त्या आठवड्यांत चहाही निम्म्यावर आणा.

चहा आरोपी आहे की नाही हे तपासणं सोपं आहे. चार-पाच दिवस दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद ठेवायची, बाकी काहीही बदलायचं नाही. आकडा उतरला तर कारण सापडलं. एकाएकी पूर्ण बंद मात्र करू नका, डोकं इतकं ठणकेल की मूळ प्रश्न बाजूलाच राहील.

आणि हेही असू शकतं

नागपूरच्या मे महिन्यात किंवा मुंबईच्या ऑक्टोबरात पंख्याखाली झोपणाऱ्याचे ठोके चढतात, कारण अंग गार ठेवायला हृदय त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं आणि घामाने रक्तातलं पाणी घटतं. लेहला विमानाने थेट उतरलात तर साडेतीन हजार मीटरवर पहिले काही दिवस आकडा वरच राहणार. नव्या जोमाने रोज पळायला लागलात आणि विश्रांतीचा दिवसच ठेवला नाही, तरी तो चढतो. दम्याच्या पंपातलं सॅल्ब्युटामॉल आणि सर्दीच्या काही गोळ्या ठोके वाढवतात. लस घेतल्यावर दोन दिवस आकडा वर जाऊन आपोआप उतरतो.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक तालबद्ध कारण असतं. पाळीच्या दिवसांत ठोके सर्वांत कमी असतात, स्त्रीबीज सुटल्यानंतरच्या दोन आठवड्यांत ते दोन-चारने वाढतात आणि पुढची पाळी आली की उतरतात. दर महिन्याला त्याच सुमारास आकडा चढत असेल तर त्यात काळजीचं काहीच नाही. तो उतरलाच नाही तर? २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका नवऱ्याला वाटलं की बायकोच्या हातातली पट्टी बिघडली आहे, ठोके काही दिवस फारच जास्त दाखवतेय. त्याने चारचौघांना विचारलं. कुणीतरी म्हणालं, ‘बायको गरोदर तर नाही ना?’ ती होती.

सावकाश, महिनोनमहिने चढणाऱ्या आकड्यामागे दोन कारणं आपल्याकडे फार आढळतात, रक्तक्षय आणि थायरॉइड जास्त काम करणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. हिमोग्लोबिन कमी असलं की तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. ‘हल्ली जिना चढताना दम लागतो’ हे वाक्य आणि चढता आकडा एकत्र आले, तर हिमोग्लोबिन तपासायलाच हवं.

एक आठवडा उलगडून बघू

समजा, ठाण्यात शाळेत शिकवणाऱ्या चाळिशीच्या एक बाई आहेत. गेल्या महिन्याची त्यांची सरासरी ६४, रोजचा आकडा ६२ ते ६६ मध्ये खेळणारा. गौरी-गणपतीचे दिवस. रविवारी गौरी जागवल्या, झोपायला दीड वाजला. सोमवारी आकडा ६६. मंगळवारी पाहुणे, पुन्हा उशीर, ६७. शाळेत डोळे मिटायला लागले म्हणून दोन चहा जास्त, संध्याकाळी सातला कॉफी. बुधवारी ६८.

इथपर्यंत सगळं जागरण आणि कॉफीवर बसतं. हळूहळू चढण, कारण समोर दिसतंय, अंगात कणकण नाही. बाई शहाणपणाने बुधवारी दुपारनंतर कॉफी घेत नाहीत, दहाला झोपतात, साडेसात तास झोप होते. कारण तेवढंच असतं तर गुरुवारी आकडा उतरायला हवा, निदान थांबायला तरी हवा. गुरुवारी तो ७१ आहे.

गुरुवारचा हा आकडा या आठवड्यातला सर्वांत बोलका. संशयित कारण काढून घेतलं तरी आकडा चढतोच आहे, म्हणजे दुसरं काहीतरी शिरलंय. काही घड्याळं झोपेतला श्वासाचा वेग आणि त्वचेचं तापमानही दाखवतात, ते इथे बघायचं. श्वासाचा वेग एरवी रोज जवळजवळ सारखा असतो. नुसत्या कॉफीने तो सहसा हलत नाही, फ्लूसारख्या आजारात हलतो. समजा तो मिनिटाला १४ चा १६ झालाय. बाई त्या दिवशी संध्याकाळी येऊरला फिरायला जात नाहीत, वर्गात मास्क लावतात, घरातल्या सासूबाईंपासून जरा लांब राहतात. शुक्रवारी सकाळी घसा धरतो, थर्मामीटर १००.६ दाखवतो, घड्याळ ७४. लिबरमाइस्टरच्या नियमाने एवढ्या तापाला नऊ-दहा ठोके जास्त, आणि ६४ मध्ये दहा मिळवले की ७४. हिशेब जुळला.

शनिवारी ७६, रविवारी ताप उतरतो, ७१. पुढच्या आठवड्यात ६९, ६८, ६७, आणि मग कुठे ६५. या उताराच्या दिवसांत घाई करायची नाही. आकडा नेहमीच्या पट्ट्यात परत येईपर्यंत चालणं सावकाश आणि झोप लवकर.

थांबून न राहण्याच्या वेळा

एका दिवसाचा आकडा सोडून द्या. सलग तीन दिवस नेहमीपेक्षा पाचने जास्त दिसला तर आदल्या आठवड्याची झोप, जेवणाच्या वेळा, चहा-कॉफी, दारू, औषधं, उकाडा आणि अंगातली कणकण यांची उजळणी करा. कारण सापडलं तर ते दूर करून चार दिवस बघा.

दोन आठवडे उलटूनही आकडा दहाने वरच असेल आणि कारण सापडत नसेल, किंवा निवांत बसलेले असतानाचे ठोके वारंवार शंभरच्या पुढे जात असतील, तर डॉक्टरांकडे जा. जाताना अ‍ॅपमधला गेल्या तीन महिन्यांचा आलेख आणि चालू औषधांची यादी सोबत न्या, ‘हल्ली धडधडतं’ या वाक्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो. बहुधा आधी ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच ही तपासणी होईल. बीपीसाठी किंवा हृदयासाठी ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, एकदम थांबवली तर ठोके उसळतात. आणि छातीत दुखणं, धाप, चक्कर येऊन पडणं किंवा ठोके वेडेवाकडे पडणं यातलं काहीही असेल, तर घड्याळ बघत बसू नका, १०८ ला फोन करा.